सात संघांची साखळी: बाय सगळ्यांना सारखा कसा वाटायचा

संघांची संख्या विषम असली की साखळी सामन्यांच्या प्रत्येक फेरीत एक संघ बसून राहतो. त्याला बाय म्हणतात आणि हंगामातली निम्मी कुरबुर त्यावरूनच होते. एका संघाला पहिल्याच आठवड्यात बाय येतो, दुसऱ्याला ऐन मोक्याच्या वेळी विश्रांती मिळते, तिसऱ्याच्या दोन बायमध्ये बारा-बारा सामन्यांची रांग लागते. हे नशिबाचे खेळ नाहीत. वेळापत्रक कसं मांडलं यावर ते ठरतं, आणि मांडणी आपल्या हातात असते. इथे सात संघांची दुहेरी साखळी घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडून दाखवतो. पाच, नऊ, अकरा संघांना हीच रीत चालते.

आधी एक हिशोब. सात संघांत प्रत्येकाला इतर सहा जणांशी खेळायचं आहे, म्हणजे एकेरी साखळीत २१ सामने. एका फेरीत जास्तीत जास्त तीन सामने होतात, कारण सातवा संघ उरतोच. २१ सामन्यांना सात फेऱ्या लागतात. सात फेऱ्यांत प्रत्येक संघाचे सहा सामने, म्हणजे प्रत्येकाला बरोबर एक बाय. दुहेरी साखळीत ४२ सामने, चौदा फेऱ्या आणि प्रत्येकी दोन बाय.

म्हणजे बाय किती द्यायचे हा प्रश्नच नाही. तो गणितानेच सुटलेला आहे. एकेरी साखळीच्या सात फेऱ्यांत कुणाला दोन बाय आलेले दिसले, तर अन्याय झाला असं समजू नका, तक्ता चुकला आहे असं समजा: कुठेतरी एक सामना राहिला आहे किंवा एक जोडी दोनदा आली आहे. आपल्याला ठरवायचं आहे ते हे की बाय कधी यावा, दोन बायमध्ये किती अंतर असावं, आणि त्याच्या आगेमागे यजमानपदाची पाळी बिघडू नये.

जोड्या लावणे

शारीरिक शिक्षणाच्या वर्गात शिकवतात ती चक्राकार पद्धत बहुतेकांना माहीत असते: बाय एका जागी पक्का ठेवायचा आणि बाकीचे आकडे फिरवत जायचे. तीच पद्धत जरा वेगळ्या नजरेने बघितली तर पुढचं सगळं सोपं होतं. एका कागदावर १ ते ७ आकडे घड्याळासारखे गोलाकार लिहा. पहिल्या फेरीत १ ला बाय. आता १ च्या दोन्ही बाजूंचे शेजारी एकमेकांशी खेळतील, म्हणजे २ आणि ७. त्यांच्या पलीकडचे एकमेकांशी, म्हणजे ३ आणि ६. त्यांच्याही पलीकडचे ४ आणि ५. दुसऱ्या फेरीत बाय २ कडे सरकतो आणि त्याच्यापासून सारख्या अंतरावरच्या जोड्या लागतात: ३ व १, ४ व ७, ५ व ६. असंच सातव्या फेरीपर्यंत.

यात संघाचा क्रमांक हाच त्याच्या बायच्या फेरीचा क्रमांक होतो. चौथ्या क्रमांकाच्या संघाला चौथ्या फेरीत बाय. पुढे हे फार उपयोगी पडणार आहे. बुद्धिबळवाले जो बर्जर तक्ता वापरतात, त्यात खेळाडू विषम असतील तर सर्वांत मोठा क्रमांक म्हणजे बाय असं धरतात. तोही तक्ता बरोबरच आहे, पण त्यात सात खेळाडूंना बाय १, ५, २, ६, ३, ७, ४ अशा क्रमाने येतो. संघांच्या अडचणी ऐकून क्रमांक वाटायचे असतील तर सरळ क्रम डोक्यात बसतो, म्हणून मी गोलच वापरतो.

यजमान कोण

घोटाळा होतो तो इथे. चक्राकार पद्धतीत जोड्या दोन रांगांत लिहितात आणि बरेच जण डावीकडचा संघ यजमान असं ठरवून मोकळे होतात. मग आकडे फिरताना एखादा संघ डाव्या रांगेतून लागोपाठ तीन जागा सरकत जातो आणि त्याला सलग तीन सामने घरच्या मैदानावर मिळतात. नंतर उजव्या रांगेत गेला की सलग तीन सामने बाहेर. बेरीज केली तर तीन घरी, तीन बाहेर, सगळं समान दिसतं. खेळणाऱ्यांना मात्र तो सलग प्रवास जाणवतो.

त्याऐवजी असं करा. बाय असलेल्या संघापासून घड्याळाच्या दिशेने मोजायला लागा. पहिला, तिसरा आणि पाचवा यजमान. दुसरा, चौथा आणि सहावा पाहुणा. पहिल्या फेरीत बाय १ ला आहे, तर मोजणीत २, ४, ६ यजमान होतात आणि ३, ५, ७ पाहुणे. पुढच्या फेरीत बाय एक घर पुढे सरकतो, म्हणून प्रत्येक संघाचं अंतर एकाने कमी होतं. विषमाचं सम होतं आणि समाचं विषम, म्हणजे यजमान असलेला संघ आपोआप पाहुणा होतो. बायच्या आधीच्या फेरीत संघ मोजणीत पहिला असतो, म्हणजे यजमान; बायनंतर तो सहावा असतो, म्हणजे पाहुणा. बायमुळेसुद्धा पाळी तुटत नाही.

संघ सम असतील तर सगळ्यांची पाळी अशी न तुटता बसवता येतच नाही. विषम संख्येची ही मोठी सोय आहे आणि ती अनेक आयोजक वाया घालवतात.

पहिल्या टप्प्याचा पूर्ण तक्ता असा होतो. जोडीत आधी लिहिलेला संघ यजमान.

फेरी १ (बाय १): २–७, ६–३, ४–५
फेरी २ (बाय २): ३–१, ७–४, ५–६
फेरी ३ (बाय ३): ४–२, १–५, ६–७
फेरी ४ (बाय ४): ५–३, २–६, ७–१
फेरी ५ (बाय ५): ६–४, ३–७, १–२
फेरी ६ (बाय ६): ७–५, ४–१, २–३
फेरी ७ (बाय ७): १–६, ५–२, ३–४

एका संघाच्या मागे बोट ठेवून बघा. चौथा संघ: ५ शी घरी, ७ कडे बाहेर, २ शी घरी, मग बाय, ६ कडे बाहेर, १ शी घरी, ३ कडे बाहेर. तीन घरी, तीन बाहेर, एकदाही लागोपाठ नाही.

हाताने लिहायचं नसेल तर स्प्रेडशीटमध्ये A2 ते A8 मध्ये संघांचे क्रमांक आणि B1 ते H1 मध्ये फेऱ्यांचे क्रमांक टाका. हे सूत्र B2 मध्ये लिहून सगळीकडे ओढा:

```
=IF(MOD($A2-B$1,7)=0,"बाय",
 IF(ISODD(MOD($A2-B$1,7)),"यजमान ","पाहुणा ")
 &(MOD(2*B$1-$A2-1,7)+1))
```

प्रत्येक घरात भूमिका आणि प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक येईल. नऊ संघ असतील तर तिन्ही ठिकाणी 7 च्या जागी 9 लिहा आणि ओळी-रकाने वाढवा.

दुसरा टप्पा: इथेच बाय बिघडतो

दुसऱ्या टप्प्यात त्याच जोड्या यजमानपद उलटं करून खेळवायच्या असतात. कोणत्या क्रमाने, याचे तीन पर्याय समोर येतात आणि बायची खरी वाटणी यातूनच ठरते.

पहिला पर्याय म्हणजे तक्ता खालून वर वाचणे: सातवी फेरी, मग सहावी, असं करत पहिली. दिसायला सुबक आहे, पण अजिबात करू नका. सातव्या संघाला सातव्या आणि आठव्या फेरीत लागोपाठ बाय येतो, तर पहिल्या संघाला बाय येतो तो पहिल्या आणि चौदाव्या फेरीत, म्हणजे मधल्या बारा फेऱ्या त्याला विश्रांतीशिवाय खेळाव्या लागतात. शिवाय सातव्या फेरीत भिडलेल्या जोड्या पुढच्याच फेरीत पुन्हा भिडतात.

दुसरा पर्याय, तोच क्रम पुन्हा. आठवी फेरी म्हणजे उलटवलेली पहिली: ७–२, ३–६, ५–४, बाय १. नववी म्हणजे उलटवलेली दुसरी. आता प्रत्येक संघाच्या दोन बायमध्ये बरोबर सात फेऱ्यांचं अंतर पडतं: तिसऱ्या संघाला तिसरी आणि दहावी, सहाव्याला सहावी आणि तेरावी. कुणालाही सहापेक्षा जास्त सामने सलग खेळावे लागत नाहीत. प्रत्येक जोडीही बरोबर सात फेऱ्यांनी पुन्हा समोरासमोर येते.

याची एक किंमत आहे. दोन टप्प्यांच्या सांध्यावर सगळ्यांची यजमानपदाची पाळी एकदा तुटते. चौथा संघ सातव्या फेरीत ३ कडे पाहुणा आणि आठव्या फेरीत ५ कडेही पाहुणा. पाचवा संघ दोन्ही वेळा यजमान. पहिल्या आणि सातव्या संघांच्या बाबतीत मध्ये बाय येतो, पण त्याच्या दोन्ही बाजूंना त्यांचे घरचेच सामने आहेत. सातही संघांना एकेकदा, म्हणजे अन्याय कुणावरच नाही, पण तीन संघांचा सलग दोनदा प्रवास होतो हे त्यांना आधी सांगून ठेवावं.

तिसरा पर्याय, एक घर सरकवून सुरुवात. दुसरा टप्पा उलटवलेल्या दुसऱ्या फेरीपासून सुरू करायचा (आठवी फेरी: १–३, ४–७, ६–५, बाय २), तो सातवीपर्यंत न्यायचा आणि पहिली फेरी अगदी शेवटी, चौदाव्या जागी ठेवायची. आता सांधा जवळजवळ बेमालूम जुळतो. फक्त पहिल्या संघाला सातव्या आणि आठव्या फेरीत लागोपाठ घरचे सामने मिळतात, बाकी सहा जणांची पाळी चौदाही फेऱ्या न चुकता चालते. पण बायचं गणित बदलतं. २ ते ७ या संघांच्या बायमध्ये सहा फेऱ्यांचं अंतर राहतं आणि पहिल्या संघाला बाय येतो तो पहिल्या आणि चौदाव्या फेरीत. हंगाम सुरू व्हायच्या आधीची विश्रांती ही विश्रांतीच नव्हे, आणि सगळं आटोपल्यावरची तर नाहीच. त्या संघाला दुसऱ्या ते तेराव्या फेरीपर्यंत बारा सामने सलग.

बाय सारखा वाटायचा हेच ध्येय असेल तर दुसरा पर्याय घ्या, मी तोच घेतो. सगळ्यांनी एकदा थोडा त्रास सोसणं हे एकाने सगळा हंगाम दमण्यापेक्षा केव्हाही बरं. तिसरा पर्याय तेव्हाच विचारात घ्यावा जेव्हा मैदानं फार लांब आहेत, सलग दोन प्रवास खरोखर परवडत नाहीत आणि एखादा संघ पहिला क्रमांक आपणहून घ्यायला तयार आहे.

क्रमांक वाटताना

चिठ्ठ्या टाकण्याआधी संघांकडून अडचणी लेखी मागवा. क्रमांक आणि बायची फेरी एकच असल्यामुळे बऱ्याच अडचणी नुसत्या क्रमांकाने सुटतात, तक्त्यात खाडाखोड लागत नाही.

समजा, एक संघ तिसऱ्या आठवड्यात खेळूच शकत नाही. त्याला ३ क्रमांक द्या, विषय संपला. आणखी दोन संघांचं मैदान एकच आहे, म्हणून ते दोघे एकाच फेरीत यजमान होता कामा नयेत. त्यांना लागून असलेले क्रमांक द्या. गोलात शेजारी असलेल्या दोन संघांपैकी एकाचं मोजणीतलं अंतर सम असतं तेव्हा दुसऱ्याचं विषम असतं, म्हणून ते एकाच वेळी यजमान कधीच होत नाहीत. ७ आणि १ हेही शेजारीच धरायचे.

आता त्यात भर म्हणून हेच मैदान पाचव्या आठवड्यात बंद आहे. मैदान बंद असलं म्हणून बायच हवा असं नाही, त्या फेरीत बाहेर खेळलं तरी भागतं. पाचव्या फेरीत ६, ३ आणि १ यजमान आहेत, म्हणजे चालणारे क्रमांक २, ४, ५ आणि ७. त्यांतले लगतचे फक्त ४ आणि ५. या दोन संघांत ४ कुणाला आणि ५ कुणाला याची चिठ्ठी, आणि उरलेल्या चार संघांत १, २, ६, ७ यांची. तिन्ही अडचणी सुटल्या आणि तक्त्यातला एकही सामना हलवावा लागला नाही. दुहेरी साखळीत दुसऱ्या टप्प्यात यजमानपद उलटं होतं हे लक्षात ठेवा. बाराव्या आठवड्यातही मैदान बंद असेल तर चौथा संघ तिथे यजमान असतो, आणि मग क्रमांकांनी भागणार नाही.

शेवटच्या फेरीतला बाय हा एक नाजूक मुद्दा आहे. सातवा संघ चौदाव्या फेरीत बसून असतो, त्याचे गुण सगळ्यांना आधीच माहीत असतात आणि बाकीचे त्यानुसार हिशोबाने खेळू शकतात. विषम संघ असताना कुणीतरी या जागी असणारच, ते टाळता येत नाही. म्हणून ७ क्रमांक आयोजकाने कुणाला देऊ नये. तो चिठ्ठीनेच जावा आणि चिठ्ठी काढण्याआधी या क्रमांकाचा अर्थ सगळ्यांना समजावून सांगावा. शेवटच्या फेरीचे तिन्ही सामने एकाच वेळी सुरू केले तर निदान खेळणाऱ्या सहा जणांत तरी कुणाला जास्तीची माहिती मिळत नाही.

विश्रांती घेतलेला प्रतिस्पर्धी

बायचा फायदा ज्याला मिळतो त्याच्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याला त्याचा तोटा होतो. हे कुणी फारसं तपासत नाही, पण गोलाच्या मांडणीत त्याचीही वाटणी नीट होते. दुसऱ्या संघाला दुसऱ्या फेरीत बाय आहे आणि तिसऱ्या फेरीत तो ४ कडे जातो. तिसऱ्या संघाचा बाय तिसरीत, मग चौथीत तो ५ कडे जातो. बायनंतरचा सामना नेहमी आपल्यापेक्षा दोनने पुढच्या क्रमांकाशी. त्यामुळे ताज्या दमाच्या प्रतिस्पर्ध्याशी एका टप्प्यात कुणालाही दोनदा खेळावं लागत नाही. जोड्या मनाने लावल्या असतील तर एकाच संघाच्या वाट्याला असे तीन-तीन प्रतिस्पर्धी येऊ शकतात, आणि गुणतक्त्यात ते दिसतही नाही.

छापण्याआधी तपासणी, आणि नंतरचे बदल

स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक उभ्या रकान्यात एकच बाय आणि तीन यजमान दिसायला हवेत. प्रत्येक आडव्या ओळीत एकच बाय, आणि स्वतःचा सोडून बाकी सहा क्रमांक एकेकदा. यातली एखादी गोष्ट जमली नाही तर बहुधा कुणीतरी एखादा सामना हाताने हलवलेला असतो. फेऱ्यांमध्ये असा एकच सामना कधीच हलवता येत नाही, कारण हलवलेल्या जागी दोन्ही संघ मोकळे असायला हवेत आणि कुठल्याही फेरीत मोकळा असतो तो एकच संघ.

याच कारणामुळे पावसाने किंवा अन्य कारणाने राहिलेला सामना कुणाच्या बायच्या आठवड्यात घालता येत नाही. अनेक आयोजक बाय म्हणजे राखीव जागा असं धरून चालतात आणि पहिला सामना पुढे ढकलताना अडकतात. राखीव आठवडे वेगळेच ठेवावे लागतात. असा आठवडा कुठे ठेवायचा हेही बायकडे बघून ठरवा: तिसऱ्या आणि चौथ्या फेरीच्या मध्ये रिकामा आठवडा ठेवला तर ३ आणि ४ या दोन संघांना लागोपाठ दोन आठवडे सुट्टी होते. तेराव्या आणि चौदाव्या फेरीच्या मध्ये ठेवला तर राहिलेले सामने शेवटच्या फेरीआधी उरकतात. तिथे ६ ला विश्रांती लांबते, आणि ७ चा तर हंगामच आधी संपतो. मला हीच जागा त्यातल्या त्यात बरी वाटते.

हंगाम सुरू होण्याआधी आठवा संघ आला तर काहीच मोडावं लागत नाही. जिथे बाय लिहिला आहे तिथे नव्या संघाचं नाव घाला, सात फेऱ्यांत तो सातही जणांशी एकेकदा खेळतो. फक्त बायच्या जागी आता सामना आल्यामुळे प्रत्येक जुन्या संघाची पाळी तिथे एकदा तुटते. नव्या संघाला विषम फेऱ्यांत यजमान आणि सम फेऱ्यांत पाहुणा केलं की त्याची स्वतःची पाळी टप्प्यात नीट राहते.

उलट, हंगाम सुरू होण्याआधी एक संघ गळाला तर तक्ता फाडून सहा संघांचा नवा करा. तो पाच फेऱ्यांत बसतो. मध्येच गळाला तर मात्र हात लावू नका. गळालेल्या संघाच्या स्वतःच्या बायची फेरी सोडली तर उरलेल्या फेऱ्यांत दर वेळी दोन संघ मोकळे राहतील: एक आपल्या बायमुळे आणि दुसरा गळालेल्या संघाशी सामना होता म्हणून. त्या दोघांचा आपसातला सामना आधी राहिलेला असेल, तर तो खेळवायला ही आयतीच मोकळी फेरी.